माझे नाव सांगा

"माझे नाव सांगा" हे तीन शब्द मी आजवर किती वेळा उच्चारले असतील, याचा हिशेब चित्रगुप्ताकडेच मिळेल. छत्तीस वर्षे साताऱ्यात मास्तरकी केली म्हणजे निम्मे गाव छडीखालून गेलेले असते, आणि उरलेल्या निम्म्याची मुले. त्यामुळे कोणाला वकील हवा असो, कोणाला गवंडी हवा असो, माणूस आमच्या ओसरीवर येतो आणि मी सुपारी कातरता कातरता सांगतो, "अमक्याकडे जा. माझं नाव सांगा." एवढे म्हटले की मला फार बरे वाटते. एका जागेवरून न उठता, पदराला खार न लावता परोपकार घडल्याचे समाधान मिळते.

आमच्या सौभाग्यवतींचे मत निराळे आहे. एकदा ती म्हणाली, "तुमचं नाव सांगून कुणाचं काम झालं, हे सांगायला कुणी परत आलेलं मी पाहिलं नाही." मी हसण्यावारी नेले. बायकोच्या ज्या बोलण्याला उत्तर नसते ते हसण्यावारी न्यावे, हा माझा जुना परिपाठ आहे. पण गेल्या वर्षी एक केसपेपर माझ्या हातात आला आणि तो परिपाठ काही उपयोगी पडला नाही.

त्याची हकीकत सांगायची तर आधी अण्णांपासून सुरुवात करावी लागेल. अण्णा म्हणजे हिचे थोरले भाऊ. वीस वर्षांचा मधुमेह. गेल्या वर्षी एका लग्नाला गेले, दिवसभर मांडवात मिरवले, संध्याकाळी घरी आले, आणि नातीने विचारले, "आजोबा, फरशीवर हे लाल लाल काय पडलंय?" चपलेच्या टाचेतला खिळा वर आला होता. तो पायात घेऊन हा गृहस्थ दिवसभर हिंडला होता, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. जखम चिघळली. पाय वाचला, पण डाव्या पायाची दोन बोटे काढावी लागली.

ज्यांनी अण्णांवर उपचार केले त्या डॉक्टरीणबाई माझ्या विद्यार्थिनी. ड्रेसिंगच्या वेळी मी अण्णांबरोबर जात असे. एके दिवशी तिने टेबलाच्या खणातून एक गंमतीची वस्तू काढली. मासे धरायच्या गळाला असतो तसला नायलॉनचा एक आखूड, ताठ धागा, आणि त्याला दांडी. "सर, हा धागा पायाला टेकवून दाबला की बरोबर दहा ग्रॅमच्या दाबाला वाकतो. अण्णा, डोळे मिटा. टेकवला की सांगा." तिने तळव्याला पाच-सहा ठिकाणी धागा टेकवला. अण्णा डोळे मिटून वाट पाहत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "कर ना सुरू!"

बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "यांच्या पायाला दुखणं कळत नाही. दुखणं हा पायाचा पहारेकरी असतो, तोच झोपलाय. खडा टोचला तरी हे चालत राहणार. उलट कित्येकजण घट्ट चपला घेतात. घट्ट असली तरच पायात काहीतरी आहे असं त्यांना वाटतं. मी जखम बरी करते, आणि हे पुन्हा तीच चपल घालून घरी जातात."

"मग निराळी चपल मिळत नाही का?"

"मिळते. पुण्याहून मागवता येते. पण ती ठरावीक मापाची. दोन बोटं नसलेल्या पायाला ठरावीक माप कसं बसणार? माणूस समोर बसवून करणारा कारागीर पाहिजे."

ही विद्या कुष्ठरोग्यांच्या पायांवरून आली, हेही तिने सांगितले. पॉल ब्रँड नावाचे शल्यचिकित्सक १९४६ साली वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोग्यांची बोटे रोगाने आपोआप झडतात, असा तोवर समज होता. बधिर पायाला रोज होणाऱ्या आणि न कळणाऱ्या इजांनी ती जातात, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. आणि अशा पायांसाठी बारीक छिद्रांच्या मऊ रबराच्या वहाणा तिकडे तयार होऊ लागल्या. आज आपल्याकडे मधुमेह्यांसाठी ज्या 'एम. सी. आर.' चपला मिळतात त्या त्याच घराण्यातल्या.

कारागीर म्हणताच माझ्या डोळ्यांसमोर एकच माणूस उभा राहिला. मोती चौकापासून थोडे आत एक लहानसे दुकान आहे. तिथले मामा (सगळा बाजार त्यांना मामाच म्हणतो) तीस वर्षे माझ्या चपला करीत आले आहेत. एक टाका कधी उसवला नाही. तयार चपलांचे ढीग आल्यापासून त्यांच्या दुकानातली गर्दी ओसरली होती, हे मी पाहत होतोच. तेव्हा एका दगडात दोन पक्षी! मी घरी जाताना वाट वाकडी केली आणि दुकानाच्या पायरीवरूनच म्हणालो, "मामा, आमच्या डॉक्टरीणबाईंना जाऊन भेटा. तुमच्या फायद्याचं आहे. माझं नाव सांगा." बाईलाही दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितले, "एक उत्तम माणूस तुझ्याकडे पाठवतोय." झाले! माझे काम संपले.

पंधरा दिवसांनी मी दुरुस्तीला टाकलेली चपल आणायला गेलो. मामांनी ती कागदात गुंडाळून दिली. घरी येऊन सोडली तर तो कागद म्हणजे दवाखान्याचा केसपेपर. वर मामांचे नाव, वय वर्षे अठ्ठावन्न, आणि 'तक्रार' या रकान्यात एक आडवी रेघ.

मी तसाच परत गेलो. मामांनी रापी खाली ठेवली आणि जे घडले ते शांतपणे सांगितले. ते सोमवारी सकाळी गेले. सोमवार म्हणजे दवाखान्यात पाय ठेवायला जागा नाही. दारातल्या मुलीने विचारले, "नवीन पेशंट?" मामा म्हणाले, "गुरुजींनी पाठवलंय." तिने तीनशे रुपये घेतले आणि केसपेपर काढला. दोन तास बसले. आत गेले तर बाईने विचारले, "काय त्रास होतोय?" मामा म्हणाले, "मला काय त्रास न्हाई. गुरुजी म्हणाले भेटा." बाईला वाटले, उपचाराच्या खर्चात सवलत मागायला आले असतील आणि तोंडाने सांगायला संकोचत असतील. ती चांगल्या मनाने म्हणाली, "काही लागलं तर या हं, मी बघते." मामा उठून आले.

"मग तुम्ही चपलांचं काढलं का नाही?"

"चपलांचं आहे हे मला तरी कुठं ठाऊक होतं, गुरुजी?"

तीनशे रुपये मी पुढे केले. त्यांनी ते घेतले नाहीत. अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली ती निराळीच. त्याच आठवड्यात बाईचा फोन आला, "सर, तुम्ही पाठवलेले ते गृहस्थ कशासाठी आले होते हो?"

त्या रात्री मला झोप आली नाही. मी एकाला सांगितले होते की तुमचा फायदा आहे. दुसरीला सांगितले होते की माणूस उत्तम आहे. फायदा कसला आणि उत्तम कशासाठी, हे दोघांपैकी एकालाही ठाऊक नव्हते. आणि मुख्य म्हणजे, तुम्हांला भेटायचे आहे का, हे मी दोघांनाही विचारले नव्हते. माझ्या शब्दाखातर दोघे भेटतील, एवढेच मी धरून चाललो होतो. तशी ती भेटली. आणि माझ्या शब्दाखातर एका कारागिराने रोग्याच्या बाकावर दोन तास काढले. आणखी एक गोष्ट मनाला टोचली. मामांनी बाईकडे जावे हे मला इतके स्वाभाविक वाटले होते, की बाईने दुकानात जावे हा विचार मनाला शिवलाही नव्हता. वास्तविक रबर, कलबूत, रापी, आरी सगळे दुकानात. काम तिथेच दिसायचे होते.

दुसऱ्या दिवसापासून मी हे प्रकरण नव्याने हाती घेतले, आणि या वेळी वही घेतली. आधी बाईकडे गेलो, तेही दवाखाना संपल्यावर. मी एकच विचारले, "तुला नेमकं काय पाहिजे, आणि तुला कशाची भीती वाटते?" पहिल्याचे उत्तर ती दहा मिनिटे देत होती. आतला थर मऊ रबराचा. चिमटीत दाबला की निम्म्यापर्यंत दबावा आणि सोडताच पूर्ववत व्हावा. खालचा थर कडक, म्हणजे काटा आरपार येणार नाही. खिळा एकही नाही. अंगठा नाही, कारण बोटांमधली कातडी त्याने सोलते. मागे टाचेला पट्टा, नाहीतर चपल निसटू नये म्हणून माणूस बोटे आवळून चालतो. भीतीविषयी ती जरा थांबून बोलली. "उद्या त्या चपलेनं जखम झाली तर ते माझ्या नावावर जाईल. शिवाय मी दुकानाचं नाव सांगितलं की लोक म्हणतात, हिला कमिशन मिळतं." डॉक्टरने असे कमिशन घेण्याला वैद्यकीय परिषदेच्या नियमांत मनाई आहे, पण लोकांच्या जिभेला परिषदेचे नियम लागू नाहीत.

"महिन्याला अशी माणसं किती?" मी विचारले.

"ज्यांना मापाचीच चपल पाहिजे अशी? चार, फार तर पाच."

खरे सांगतो, माझ्या मनाने लगेच त्याचे 'पुष्कळ' केले होते. मी वहीत 'चार-पाच' असे लिहिले आणि त्याखाली रेघ मारली.

मग मामांकडे गेलो, आणि तेच दोन प्रश्न विचारले. त्यांना कशाची भीती नव्हती, असे आधी म्हणाले. चहा झाल्यावर भीती बाहेर आली. मोठी माणसे नमुना करून मागतात, चार वेळा बदलायला लावतात आणि शेवटी नको म्हणतात. कातडे, सोल, वेळ सगळे आपल्या अंगावर. दुसरे म्हणजे दिवाळीआधीचा महिना आणि लग्नसराई यांत त्यांना डोके वर काढायला सवड नसते. तिसरे त्यांनी खाली बघून सांगितले : "शिकायचं असंल तर शिकीन. पन शिकवल्याचे उपकार नकोत."

"मामा, दोन पाय सारखे नसले तर जमतं का हो तुम्हांला?" मी सहज विचारले.

त्यांनी काही न बोलता फळीवरून एक जाड वही काढली. प्रत्येक पानावर पेन्सिलीने काढलेले दोन पाय. डावा, उजवा, खाली नाव, पायाला कुठे घट्टा आहे, कोणते बोट वाकडे आहे, याची खूण. माझेही पाय तिच्यात होते. "सारखे पाय मी अजून बघितले न्हाईत," ते म्हणाले.

तीस वर्षे या दुकानात येऊन ही वही मला ठाऊक नव्हती! मामा उत्तम कारागीर आहेत, असे मी बाईला सांगितले होते, आणि ते ऐकून तिच्या मनात काहीही हललेले नव्हते. आता मी तिला फोनवर वहीचे सांगितले, तेव्हा पलीकडून क्षणभर आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "सर, ती वही मला पाहता येईल?" इकडे मामांना मी महिन्याला चार-पाच जोडांचे काम, बारा महिने, असे सांगितले, तेव्हा तेही तसेच क्षणभर गप्प राहिले. सीझन नसताना येणारे काम म्हणजे काय, ते दुकानदाराला विचारावे. प्रत्येकाला दुसऱ्यात जे दिसायला हवे होते ते एवढेसेच होते. पण ते 'उत्तम' या शब्दाच्या आड झाकले गेले होते.

दोघांनीही "हो, भेटतो" म्हटल्यावर मी पत्र लिहायला बसलो. दोघांना मिळून एकच पत्र. म्हणजे एकाला एक सांगितले आणि दुसऱ्याला दुसरे, असे व्हायला नको. पहिला मसुदा तीन पाने झाला. त्यात बाईचा शाळेतला पहिला नंबर आला, मामांच्या वडिलांनी केलेल्या पायताणांचे वर्णन आले, आणि सातारा जिल्ह्याच्या चर्मकलेवर एक परिच्छेद आला. सौभाग्यवतीने तो वाचला आणि म्हणाली, "छान आहे. पण त्यांनी काय करायचं ते दुसरं पान उलटेपर्यंत कळत नाही." मी मसुदा फाडला. आणखी एक अडचण होती. बाईला मी 'तू' म्हणतो, मामांना 'तुम्ही'. एकाच पत्रात एकीला 'चि.' आणि दुसऱ्यांना 'श्री.' लिहिले तर ते पत्र कोणीकडे झुकणार? शेवटी दोघांनाही 'तुम्ही' केले. शेवटचा मसुदा असा झाला :

"स. न. वि. वि. तुम्ही दोघांनी भेटण्याचे कबूल केले, म्हणून हे पत्र. डॉक्टरांकडे पायाची जाणीव गेलेले रुग्ण येतात. त्यांतल्या महिन्याला चार-पाच जणांना मापाने केलेली चपल लागते. मामा प्रत्येक गिऱ्हाइकाच्या दोन्ही पायांची आकृती वहीत ठेवून त्याप्रमाणे काम करतात. ती वही मी पाहिली आहे. मऊ रबराचे काम त्यांनी अजून केलेले नाही.

येत्या बुधवारी चार वाजता डॉक्टरांनी दुकानात यावे. अर्धा तास पुरेल. रुग्णाची एक जुनी चपल बरोबर आणावी, म्हणजे ती कुठे झिजली आहे ते मामांना दिसेल. त्यानंतर एकच जोड करून पाहावा. त्याचे रबर डॉक्टर आणतील. मजुरी माझे मेहुणे देतील, निम्मी आगाऊ. जोड पायाला चालतो की नाही हे डॉक्टर ठरवतील. तो कसा शिवायचा हे मामा ठरवतील. कमिशन कोणी कोणाला द्यायचे नाही. दिवाळीआधीचा महिना आणि लग्नसराई यांत मामांना काम सांगू नये.

एका जोडानंतर पुढे काही करण्याचे बंधन दोघांवरही नाही. नको वाटले तर एकमेकांना स्पष्ट सांगावे. मला वाईट वाटणार नाही. मला वैद्यकातले कळत नाही आणि चपलांतलेही कळत नाही, म्हणून बुधवारी मी येणार नाही."

पत्र मी कागदावर लिहिले, आणि नातवाने त्याचा फोटो काढून दोघांना व्हॉट्सॲपवर धाडला. शेवटचे वाक्य लिहिताना हात अडला होता, हे कबूल करतो. ज्याने लग्न जमवले त्याला मांडवात बोलावू नये, असा तो प्रकार. पण मी गेलो असतो तर दोघेही एकमेकांशी न बोलता माझ्याशी बोलले असते. बाईने माझ्याकडे बघून मामांविषयी विचारले असते, आणि मामांनी माझ्याकडे बघून उत्तर दिले असते. तेव्हा बुधवारी चार वाजता मी घरात येरझारा घातल्या. साडेचारला हिने माझ्या हातात निवडायला मेथी दिली.

पुढे काय झाले ते मला दोघांकडून तुकड्यातुकड्यांनी कळले. बाईने आपला धागा बरोबर नेला होता. मामांनी तो आधी स्वतःच्या अंगठ्यावर टेकवला. चाळीस वर्षे आरी दाबून त्या अंगठ्याला घट्टा पडलेला. धागा वाकला तरी काही कळले नाही. "ह्ये असं सगळ्या तळव्याला?" त्यांनी विचारले. बाई म्हणाली, "असंच. सगळ्या तळव्याला." मग समजावून सांगण्याची गरज उरली नाही. अर्ध्या तासाची भेट दीड तास चालली. अण्णांची जुनी चपल उलटी करून मामांनीच बाईला दाखवले, की माणूस डावीकडे झुकतो आहे आणि करंगळीखाली सगळे वजन येते आहे.

अण्णांचे माप संध्याकाळी, उभे करून घेतले. दिवसभरात पाय सुजतो, सकाळचे माप संध्याकाळी घट्ट होते. सर्वांत लांब बोटाच्या पुढे सुमारे एक सेंटिमीटर जागा सोडली. थर चिकटवून कडेने शिवले. पुढे दोन रुंद पट्टे, सैल-घट्ट करता येतील असे. टाक्यांच्या गाठी आतून न मारता बाहेरून मारायच्या, ही सूचना बाईची नव्हती. ती मामांना आपली आपण सुचली. बाईचा दंडक एवढाच, की पहिल्या दिवशी चपल अर्धा तासच घालायची, काढायची आणि पाय बघायचा. कुठे लाली आली, आणि ती अर्ध्या तासात गेली नाही, तर तिथे चपल दाबते आहे. दुखणे सांगत नाही ते लाली सांगते.

आणि लाली आली! करंगळीच्या बाजूला, पट्ट्याच्या कडेखाली. अण्णांच्या सुनेने फोटो काढून बाईला पाठवला, बाईने तो मामांना पाठवला, मामांनी पट्टा सोडवून बोटभर मागे घेतला. दोन दिवसांत सगळे निस्तरले. मला हे कळले आठवड्याने, तेही अण्णांकडून. मी जरा चिडलोच. "मला कुणी सांगितलं नाही ते!" ही म्हणाली, "तुम्हांला कशाला सांगतील? तुम्हांला वैद्यकातलं कळत नाही आणि चपलांतलंही कळत नाही." बायकांना पत्र वाचायला देऊ नये ते याचसाठी.

सगळे पाय मामांच्या दुकानात बरे झाले, असे मात्र नाही. उघडी जखम असेल, किंवा तळव्याची कमान खचून पायाचा आकारच बिघडला असेल, तर नुसती चपल पुरत नाही. असा रुग्ण बाई पुण्याला पाठवते. एकदा एकजण तसाच थेट दुकानात आला. पायाला फडके बांधलेले. मामांनी त्याला बसवले, फडक्याकडे पाहिले आणि माप न घेताच दवाखान्यात धाडले. गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार बाईने त्या दिवशी प्रथम पाहिला. तिची ती पहिली भीती त्यानंतर माझ्या कानावर आलेली नाही.

एक खोट मात्र माझ्याच पत्रात राहून गेली होती. तिसऱ्या महिन्यात मामा ओसरीवर येऊन बसले. एकाने जोड नेला आणि पैसे दिले नाहीत. म्हणतो, डॉक्टरांनी सांगितलेली चपल आहे, दवाखान्याच्या बिलात धरलेली असणार. मी पत्र काढून वाचले. पहिल्या जोडाचे पैसे कोणी द्यायचे ते होते; पुढच्या जोडांविषयी अवाक्षर नव्हते. पहिल्या भेटीची सगळी कलमे मी घातली, आणि भेट यशस्वी झाली तर काय, हे लिहायलाच विसरलो. बहुधा यशस्वी होईल असे मनातून वाटत नसावे.

फोनकडे माझा हात गेला होता. बाईला एक शब्द टाकला असता तर तिने स्वतःच्या पिशवीतून पैसे दिले असते. पण मग पुढचा प्रत्येक बुडवा माझ्या ओसरीवर आला असता. मी म्हणालो, "मामा, हे तुम्हीच त्यांना सांगा."

"मी सांगितलेलं बरं दिसंल का?"

"त्यांनी तुम्हांला लालीचा फोटो पाठवला तेव्हा मला विचारलं होतं का?"

मामा थोडे हसले आणि गेले. आता बाई रुग्णाला जी चिठ्ठी देते तिच्यावर एक ओळ छापलेली असते : 'चपलेची किंमत दुकानात द्यावी, दवाखान्याच्या बिलात ती धरलेली नाही. चपल कोठूनही करून घेण्यास हरकत नाही.' यातले दुसरे वाक्य बाईचे, कमिशनवाल्या जिभांसाठी. पहिले मामांनी तोंडी सांगितले तसेच्या तसे आहे. तो जोड नेणारा गृहस्थ अजून पैसे देतो आहे, पन्नास-पन्नास करून.

परवा एक जुना विद्यार्थी आला. मुलाला वास्तुशास्त्रज्ञाकडे उमेदवारी करायची होती. "सर, तुमची ओळख आहे ना?" मी सुपारी खाली ठेवली आणि आतून वही मागवली. "बस. मुलाला काय येतं, आणि तो आठवड्यातले किती दिवस जाणार?" तो बिचारा पाहतच राहिला. एका वाक्याचे काम, मास्तर म्हातारपणी लांबण लावताहेत, असे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेले होते.

अण्णा भाऊबीजेला दरवर्षी आमच्याकडे येतात. गेल्या भाऊबीजेलाही आले. ओवाळून घेतले, चिरोट्यांकडे डोळे भरून पाहिले आणि अर्धाच खाल्ला. निघायची वेळ झाली तशी त्यांची नात आधी दाराशी धावली. तिने आजोबांची एक एक चपल उचलली, उलटी करून आपटली, मग आत हात घालून बोटांनी सगळा तळ चाचपला. उजव्या चपलेतून फुलबाजीच्या तारेचा एक तुकडा निघाला. तो तिने मला दाखवला, अंगणाबाहेर नेऊन टाकला, आणि मगच आजोबांना म्हणाली, "हं, घाला आता."